थंबनेलमध्ये चेहरा हरवू नये म्हणून : कटआउट, एक्स्प्रेशन आणि भडक बॅकग्राउंड नीट कसं जोडायचं

मित्राचा व्हिडिओ होता, मेमरी कार्डमधून डिलीट झालेले फोटो परत कसे मिळवायचे यावर, आणि थंबनेल मी करून देणार होतो. गडद निळं बॅकग्राउंड घेतलं, त्यात थोडा धूर, मागे अंधुक सर्किटचं डिझाइन, पुढे त्याचा कटआउट, तोंडावर मस्त धक्का बसल्याचा भाव, मोठ्या मॉनिटरवर एकदम भारी दिसत होतं. त्याला पाठवलं, त्याने फोनवर उघडलं आणि विचारलं, "अरे, यात मी कुठाय?" मी चिडलोच, पण मग माझ्या फोनवर बघितलं तर तो बरोबर होता. त्याचे केस काळे, टीशर्ट काळपट, मागे गडद निळं, त्यामुळे फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंतचा एक तुकडा हवेत तरंगत होता, डोकं कुठे संपतं आणि बॅकग्राउंड कुठे सुरू होतं ते कळतच नव्हतं.

ते थंबनेल आम्ही पुन्हा पहिल्यापासून केलं, शूटसकट. तेच इथे पायरी-पायरीने लिहितोय, कारण काळे केस, मध्यम रंगाची त्वचा आणि भडक बॅकग्राउंड ही जोडी आपल्यातल्या बहुतेकांना रोज जमवावी लागते आणि नेमकी तिथेच माती होते. मी फोटोशॉप वापरतो, पण ब्राउझरमध्ये फुकट चालणाऱ्या फोटोपीमध्येही जवळपास सगळं असंच होतं.

आधी छोटा आकार डोक्यात घ्या

कॅनव्हास १२८० × ७२० पिक्सेलचा घ्या, यूट्यूबसाठी हाच नेहमीचा आकार आहे. पण प्रेक्षक तो या आकारात जवळजवळ कधीच बघत नाही. शेजारच्या यादीत तेच चित्र साधारण १६८ × ९४ पिक्सेलमध्ये दिसतं, म्हणजे साडेसात पटीहून जास्त लहान. आता हा हिशोब प्रत्येक गोष्टीला लावून बघा. तुम्ही कटआउटला ८ पिक्सेलची पांढरी बॉर्डर दिली तर ती तिथे जेमतेम १ पिक्सेल उरते. ६० पिक्सेल रुंद डोळा ८ पिक्सेलचा होतो. मागच्या सर्किटच्या २-३ पिक्सेलच्या रेषा तर नाहीशाच होतात, उरतो तो नुसता मळकटपणा. म्हणून मी आता चेहरा हनुवटीपासून केसांच्या टोकापर्यंत निदान ४५० ते ५०० पिक्सेल उंच ठेवतो, म्हणजे छोट्या आकारातही त्याला ६०-६५ पिक्सेल मिळतात आणि भुवया, डोळे, तोंड वेगवेगळं ओळखू येतं.

जागेचंही आधीच ठरवून टाका. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दाखवणारी काळी पट्टी येते, आणि छोट्या आकारात ती चित्राच्या मानाने बरीच मोठी असते, तेव्हा १२८० च्या कॅनव्हासवर तिथे साधारण २५० × १३० पिक्सेलचा चौकोन रिकामाच धरा. अगदी खालच्या कडेला, अर्धवट बघितलेल्या व्हिडिओवर लाल रेघही येते. म्हणून आम्ही चेहरा उजवीकडे ठेवला आणि अक्षरं डावीकडे वर, पट्टी मग फक्त खांद्यावर येते, आणि खांदा झाकला गेला तर कुणाचं काही बिघडत नाही.

बॅकग्राउंडचा रंग निवडताना रंग बघू नका, उजेड बघा

ही गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. आपण म्हणतो लाल भडक आहे, निळा भडक आहे, पण छोट्या आकारात चेहरा बॅकग्राउंडपासून सुटा दिसतो तो रंगामुळे कमी आणि उजेड-अंधाराच्या फरकामुळे जास्त. फोटोशॉपच्या कलर पिकरमध्ये `L` नावाचा एक आकडा दिसतो, ० म्हणजे काळं आणि १०० म्हणजे पांढरं. शुद्ध पिवळ्याचा तो साधारण ९७ येतो, शुद्ध हिरव्याचा ८८, लालचा ५३ आणि निळ्याचा ३० च्या आसपास. आता मित्राच्या गालावर आयड्रॉपर लावला तर ५८ ते ६४ च्या मध्ये काहीतरी आलं, केसांवर १० च्या आसपास. म्हणजे मागे लाल घेतलं असतं तर चेहरा आणि लाल दोघंही एकाच पट्टीत, रंग वेगळा असूनही चेहरा त्यात विरघळला असता. गडद निळं घेतलं होतं तेव्हा चेहरा सुटला पण केस गेले. पिवळ्यावर मात्र चेहराही सुटतो आणि केस तर छान कोरल्यासारखे दिसतात. म्हणून पिवळा घेतला, पिवळा चालतो असं कुणी सांगितलं म्हणून नाही. तुमची त्वचा फार उजळ असेल किंवा केस पांढरे असतील तर हाच हिशोब उलटा येईल, तुमच्यासाठी मध्यम निळा किंवा जांभळा बरा पडेल, तेव्हा स्वतःच्या फोटोवर आयड्रॉपर लावूनच ठरवा.

पूर्ण काम चालू असताना उजेड तपासायला एक सोपी सोय करून ठेवा. सगळ्यात वर एक नवीन लेयर घ्या, तो काळ्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड `Color` करा. चित्र ब्लॅक अँड व्हाइट दिसेल. लेयरचा डोळा चालू-बंद करत राहायचं. इथे एक चूक खूप जण करतात, ती म्हणजे सॅच्युरेशन शून्य करून तपासणं. तसं केलं तर शुद्ध पिवळा, लाल आणि निळा तिन्ही एकसारखेच राखाडी होतात, कारण ती पद्धत डोळ्याला जाणवणारा उजेड मोजतच नाही, आणि तुम्हाला वाटतं की पिवळ्यावर पांढरी अक्षरं चालतील. `Color` मोडमध्ये खरं चित्र दिसतं.

शूट : निम्मं कटिंग इथेच होतं

बॅकग्राउंड पिवळं म्हणजे उजळ असणार हे आधी ठरलं म्हणून शूटही उजळ साध्या भिंतीसमोरच केलं. हे फार कामाला येतं, का ते केसांच्या भागात सांगतो. भिंतीपासून निदान एक-दीड मीटर पुढे उभं राहा म्हणजे तुमची सावली भिंतीवर पडणार नाही. कॅमेरा दीड-दोन मीटर लांब आणि फोन असेल तर २एक्सवर, कारण साध्या वाइड लेन्सने जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि चेहरा मोठा वापरायचा असल्यामुळे ते लगेच जाणवतं. मुख्य लाइट एका बाजूने, डोळ्यांपेक्षा थोडा वर. कुठल्या बाजूने ते लिहून ठेवा, आमचा डावीकडून होता. पुढे बॅकग्राउंड, सावली, कार्ड सगळं याच बाजूप्रमाणे जुळवायचंय.

व्हिडिओतलीच फ्रेम काढून वापरली तर नाही का चालणार, असं सगळे विचारतात. चालते कधीकधी, पण तोंड-हात हलत असताना फ्रेम किंचित हललेली असते आणि कडा पुसट असल्या की कटआउट कधीच स्वच्छ निघत नाही. वेगळे फोटोच काढा.

एक्स्प्रेशनसाठी "शॉक लागल्यासारखं तोंड कर" असं सांगितलं की माणूस नुसता आ वासतो आणि डोळे मात्र मख्ख राहतात. त्यापेक्षा वाक्य बोलायला लावा. मी मित्राला सांगितलं, कार्डकडे बघ आणि खरंच मोठ्याने म्हण, "अरे देवा, सगळे फोटो गेले?" आणि शेवटच्या शब्दावर तसाच थांब. बर्स्टवर ठेवून असे पंधरा-वीस वेळा केलं, सत्तरेक फोटो झाले. मग ते मोठे करून बघितलेच नाहीत, फोल्डरमध्ये छोट्या आयकॉनमध्ये सगळे एकदम बघितले आणि ज्या तिघा-चौघांवर नजर आपोआप थांबली तेवढेच उघडले. मोठं करून निवडलेला फोटो हमखास चुकतो, कारण तिथे आपल्याला डोळ्यातली बारीक चमक आवडते जी पुढे दिसणारच नसते. छोट्या आकारात भाव टिकतो तो तीन गोष्टींवर, भुवयांचा कोन, डोळ्यातला पांढरा भाग आणि तोंडाचा आकार. तिन्ही स्पष्ट पाहिजेत. आणि भाव व्हिडिओत खरंच येणाऱ्या क्षणाचा पाहिजे. आमच्या व्हिडिओत फोटो शेवटी परत मिळतात पण सुरुवात घाबरण्यापासून होते, म्हणून घाबरलेला चेहरा खोटा ठरत नाही.

हातात मेमरी कार्ड दाखवायचं होतं. खरं कार्ड नखाएवढं, ते कुणाला दिसणार? म्हणून तळहाताएवढा जाड पुठ्ठा कापून तो त्याच्या हातात दिला, आणि कार्डाचा फोटो वेगळा काढला, लाइट डावीकडूनच. पुठ्ठ्यामुळे बोटांची पकड खरी येते, रिकाम्या हातावर नंतर वस्तू चिकटवली की बोटं कायम चुकीची दिसतात. हात शरीरापासून थोडा लांब धरायला सांगा, मध्ये भिंत दिसली पाहिजे, म्हणजे बाह्यरेषेतच हात वेगळा कळतो.

कटआउट

फोटो उघडा, `Select Subject` करा, आणि मग लगेच डिलीट करू नका, लेयर मास्क लावा. इरेझरने खोडलेलं परत येत नाही, मास्कवर काळा ब्रश लपवतो आणि पांढरा परत आणतो. आता १०० टक्के झूमवर पूर्ण कडेने एकदा फिरा. ऑटो सिलेक्शन नेमकं कुठे चुकतं तर कानाच्या पाळीखाली, बोटांच्या मध्ये, कॉलरपाशी आणि हात-पोटाच्या मधल्या फटीत. ही ठिकाणं हाताने नीट करा. चेहरा, खांदा, हात इथे ब्रश बऱ्यापैकी कडक ठेवा, पण मास्कला अर्धा ते एक पिक्सेल फेदर द्या, अगदी सुरीने कापल्यासारखी कड फोटोत कुठेच नसते.

मग कडेला भिंतीचा फिकट दोरा उरलाय का ते बघा. तो बघायला कटआउटखाली तात्पुरता एकदा काळा आणि एकदा भडक रंग भरून बघायचा, काळ्यावर तर लगेच चमकतो. `Select and Mask` मध्ये `Shift Edge` उणे १५ ते २५ टक्के केलं की बहुतेक जातो. तरी कुठे उरला तर कटआउटला क्लिप केलेला नवीन लेयर घ्या, त्याच जागेच्या आतल्या बाजूचा रंग आयड्रॉपरने उचला आणि कडेवर हलकेच रंगवा. `Shift Edge` जास्त ओढू नका, कान बारीक होतात आणि बोटं काडीसारखी.

केस : इथे घाई नको

केसांची एकेक बट सिलेक्ट करत बसणं हा सगळ्यात दमवणारा आणि सगळ्यात वाईट दिसणारा मार्ग. केस काळे, मूळ भिंत उजळ आणि नवीन बॅकग्राउंडही उजळ असेल तर बटा कापायच्याच नाहीत. आधी कटआउटची साइज आणि जागा पक्की करा, मग हे करा.

मूळ फोटोची एक कॉपी, मास्क नसलेली, कटआउटच्या बरोबर खाली ठेवा, अगदी त्याच जागी, आणि तिचा ब्लेंड मोड `Multiply` करा. `Multiply` मध्ये पांढरं नाहीसं होतं आणि काळं तसंच राहतं. पण आपली भिंत अगदी पांढरी नाही, क्रीम आहे, म्हणून पिवळ्यावर मळकट चौकोन दिसेल. आता या कॉपीवर लेव्हल्स लावा आणि पांढरा स्लायडर डावीकडे आणा. आमच्या भिंतीचा आकडा माहितीच्या पॅनेलमध्ये २१० च्या आसपास येत होता, स्लायडर २०० वर आणला आणि भिंत गायब, पिवळ्यावर फक्त केसांच्या बारीक बटा उरल्या, अगदी एकेक, आणि त्यांच्यातून पिवळा रंग खरा झिरपतोय. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, आजही होतो. स्लायडर फार पुढे नेला, १५०-१६० पर्यंत, की बारीक बटाही भिंतीबरोबर उडतात आणि डोकं टक्कल घासल्यासारखं गुळगुळीत होतं, तेव्हा भिंत जिथे जाते तिथेच थांबा.

आता या कॉपीलाही मास्क लावा, तो काळा भरा आणि फक्त केसांभोवतीचा पट्टा मोठ्या मऊ ब्रशने पांढरा करा. कपाळाच्या किंवा कानाच्या बाहेर ती कॉपी उघडी राहू देऊ नका, तिथे त्वचेला घाणेरडी गडद कड येते. शेवटी वरच्या मुख्य कटआउटच्या मास्कवर केसांच्या कडेला २०-३० पिक्सेलच्या मऊ ब्रशने थोडं आत सरका, म्हणजे वरचा लेयर केसांच्या भरीव भागात संपेल आणि कडेचं काम खालची कॉपी करेल. दोन्ही लेयर लिंक करा, नाहीतर नंतर एकच हलतो आणि कुठे चुकलं ते शोधण्यात वेळ जातो.

याची मर्यादा सरळ आहे. बॅकग्राउंड गडद असेल तर हे चालत नाही, काळं काळ्यावर मिसळून जातं. गडदच पाहिजे असेल तर शूटलाच डोक्यामागून एक लाइट लावून केसांना उजळ कड द्या, किंवा डोक्यामागे बॅकग्राउंडमध्येच उजेडाचा मोठा गोल ठेवा.

आणि जाड पांढऱ्या बॉर्डरबद्दल. ती वाईट नाही, मागे गजबज असेल तर कामाची आहे, पण बारीक बटा आणि बॉर्डर एकत्र नको. बॉर्डर प्रत्येक बटेभोवती फिरते आणि डोक्याला पांढरा काटेरी मुकुट होतो. स्टिकरसारखं करायचं असेल तर बटा मास्कमधून पूर्ण काढून टाका, कटआउटचं सिलेक्शन घेऊन १२ पिक्सेलने वाढवा, थोडं स्मूथ करा आणि खालच्या वेगळ्या लेयरवर पांढरं भरा. दोन्हीपैकी एकच ठरवा.

बॅकग्राउंड बांधणं

सपाट पिवळ्यावर कटआउट ठेवला तर कागदी वाटतो. डोक्याच्या मागे केंद्र ठेवून गोल ग्रेडियंट द्या, मध्ये `#FFE14A` आणि कडेला `#E09A00`. म्हणजे सगळ्यात जास्त उजेड नेमका तिथे येतो जिथे सगळ्यात काळे केस आहेत, आणि नजर आपोआप तिथे जाते. त्यावर आम्ही फोटो गॅलरीचा एक ग्रिड ठेवला, काही चौकोन रिकामे, काहीत अंधुक फोटो, आणि त्याला १५ पिक्सेलचा गॉशियन ब्लर देऊन ओपॅसिटी २५ टक्के केली. तेवढं पुरतं. ग्रिड डोक्याच्या मागून मात्र मास्क करून काढला, कारण केसांमागे रेघा आल्या की बटा आणि रेघा मिसळतात. या टप्प्यावर वरचा तो काळा `Color` लेयर चालू करून बघा, केस गडद, चेहरा मध्यम, मागे उजळ, असे तीन थर वेगवेगळे दिसत नसतील तर पुढे जाऊच नका.

जोडलंय असं वाटू नये म्हणून

इतकं केलं तरी माणूस वेगळ्या खोलीतला वाटतो, आणि कारण जवळजवळ नेहमी तेच असतं, बॅकग्राउंडचा उजेड त्याच्या अंगावर आलेला नसतो. कटआउटला क्लिप केलेला एक लेयर घ्या, मोड `Soft Light`, बॅकग्राउंडमधला पिवळा उचला आणि मोठ्या मऊ ब्रशने जबड्याची कड, कानाची बाहेरची बाजू, खांदे, हाताची कड इथे फिरवा, ओपॅसिटी ३०-४० टक्के. जादूसारखं काही दिसणार नाही, पण बंद करून बघितलं की लगेच कळतं काय गेलं ते. मग सावली, लाइट डावीकडून म्हणून ती उजवीकडे सरकवायची, ब्लर ५० च्या आसपास, ओपॅसिटी ३०-३५. काळी नको, गडद तपकिरी घ्या, पिवळ्यावर काळी सावली राखेसारखी दिसते.

चेहऱ्यावर कर्व्ह्जचा एक लेयर घेऊन थोडा कॉन्ट्रास्ट वाढवा. दुसऱ्या कर्व्ह्जने उजेड वाढवा, त्याचा मास्क काळा करा आणि फक्त डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि दातांवर हलका पांढरा ब्रश मारा. भुवया थोड्या गडद. इथे हात आवरता घ्या, डोळे पांढरेशुभ्र केले की माणूस आजारी दिसतो. मोठ्या आकारात "थोडं जास्त झालंय" असं वाटेल इतपत ठीक, भीतीदायक वाटायला लागलं की मागे या.

कार्ड पुठ्ठ्यावर ठेवायचं, `Ctrl+T` करून, मग `Ctrl` दाबून धरत चारही कोपरे एकेक ओढून पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवर बसवायचे, मग कार्डाच्या मास्कवर काळ्या ब्रशने बोटं परत वर आणायची आणि बोटांच्या अगदी कडेला कार्डावर ३-४ पिक्सेलची मऊ सावली. ही सावली विसरली की कार्ड हातात नाही, हवेत आहे असं वाटतं.

अक्षरं

व्हिडिओचं टायटल खाली लिहिलेलंच असतं, ते परत लिहू नका. आम्ही फक्त "सगळं गेलं?" एवढंच घेतलं. देवनागरीत एक अडचण आहे जी रोमन अक्षरांना नसते. वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे ओळीची उंची वाढते आणि प्रत्यक्ष अक्षर लहानच राहतं. म्हणून दोन ओळी केल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांवर आदळतात. शब्द निवडतानाच हे बघा, वरच्या ओळीत शक्यतो उकार नको. "सगळं" वर आणि "गेलं?" खाली, वरच्या शब्दाखाली काही लोंबत नाही, म्हणून दोन ओळी जवळ आणता आल्या आणि अक्षर १७० पिक्सेलचं मिळालं, छोट्या आकारात २२.

फॉन्ट जाड घ्या, बलू २, मुक्ता किंवा पॉपिन्सचं सगळ्यात जाड वजन, तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जाड फॉन्टला वरून जाड स्ट्रोकही नको, ग आणि ळ च्या पोटातल्या जागा बुजतात आणि छोट्या आकारात नुसते गोळे दिसतात. फोटोशॉपमध्ये पहिली वेलांटी चुकीच्या जागी जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत `World-Ready Layout` निवडा.

रंगाचा हिशोब पुन्हा तोच. पिवळ्यावर पांढरी अक्षरं जवळजवळ दिसतच नाहीत, ९७ आणि १०० मध्ये फरक तो काय. "सगळं" काळ्यात आणि "गेलं?" लाल पट्टीवर पांढऱ्यात, असं केलं. लाल अक्षरं थेट निळ्यावर किंवा हिरव्यावर ठेवायचा मोह होतो, पण जेपीजी सहसा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतं, म्हणून ज्या कडेला फक्त रंग बदलतो आणि उजेड बदलत नाही ती कड सेव्ह केल्यावर हमखास फुटते.

शेवटची तपासणी आणि सेव्ह

फोटोशॉपमध्ये नुसतं झूम आउट करून बघू नका, अर्धवट झूमवर चित्र खरं दिसत नाही. कॉपी करून १६८ पिक्सेल रुंद करा, फोनवर पाठवा आणि हात लांब करून बघा. मग कुणालातरी दोन सेकंद दाखवून फोन उलटा ठेवा आणि विचारा काय दिसलं. "घाबरलेला माणूस, हातात काहीतरी काळं, सगळं गेलं" इतकं आलं की बास. चेहरा सांगितला पण भाव सांगता आला नाही तर फोटो बदला, एडिटिंगने भाव येत नाही. भाव आला पण वस्तू आली नाही तर वस्तू मोठी करा. आमच्याकडे पहिल्यांदा "हातात चॉकलेट आहे का?" असं उत्तर आलं, म्हणून कार्ड दीडपट केलं आणि त्यावरच्या सोनेरी पट्ट्या कॅमेऱ्याकडे वळवल्या.

सेव्ह करताना एसआरजीबी, जेपीजी, क्वालिटी ८५ च्या आसपास, आणि फाइल २ एमबीच्या आत. लेयरवाली फाइल वेगळी ठेवा.

नवीन थंबनेल मित्राला पाठवलं तेव्हा त्याने एवढंच कळवलं की प्रश्नचिन्ह त्याच्या केसांना टेकतंय. झूम करून बघितलं तर खरंच एक बट प्रश्नचिन्हाच्या वरच्या वळणात अडकली होती, लहान आकारात ती दोन्ही मिळून एक मळकट ठिपका होत होती. अक्षरं ३० पिक्सेल डावीकडे सरकवली आणि फाइल पुन्हा पाठवली.